सीआर-07 : एका स्कोप बदलाला सही मिळेपर्यंतचे अडीच महिने

चाकणजवळच्या एका ऑटो कंपोनंट कंपनीत मी प्रॉडक्शन प्लॅनिंगला होते. ऑगस्ट 2024 मध्ये कंपनीने नवीन ईआरपी, म्हणजे सगळ्या विभागांचं काम एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर, घ्यायचं ठरवलं आणि प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर म्हणून माझं नाव लागलं. ठरलेली रक्कम 58 लाख, अडीअडचणीसाठी वेगळे ठेवलेले 4 लाख, आणि गो-लाइव्ह 1 एप्रिल 2025. दर महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी स्टिअरिंग कमिटीची बैठक. 'चेंज रिक्वेस्ट', म्हणजे ठरलेल्या कामात बदल मागणारा अर्ज किंवा सीआर, हा शब्द मी तोवर फक्त ऐकला होता. पहिले सहा सीआर किरकोळ होते (रिपोर्टमध्ये एक कॉलम, लेबल प्रिंटरचा फॉरमॅट असले) आणि सगळे मिळून 1 लाख 35 हजारांत आटोपले. सातव्याने मात्र मला घाम फोडला. तेव्हा नेटवर शोधलं तर कोरे फॉर्म खूप मिळाले, पण तो फॉर्म भरताना नेमकं काय होतं हे कुठेच सापडलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

सुरुवात जीएसटीच्या एका सूचनेने झाली. नोव्हेंबर 2024 च्या पहिल्या आठवड्यात ती आली. ज्यांची वार्षिक उलाढाल 10 कोटी किंवा त्याहून जास्त आहे, त्यांना 1 एप्रिल 2025 पासून ई-इनव्हॉइसची नोंद कागदाच्या तारखेपासून 30 दिवसांच्या आत पोर्टलवर करावी लागणार होती. मुदत उलटली की पोर्टल ते घेणारच नाही. आधी ही अट 100 कोटींच्या वरच्यांना होती, म्हणून आमच्याकडे कुणी तिकडे लक्ष दिलं नव्हतं. अकाउंट्समधल्या ताईंनी 11 नोव्हेंबरला जेवणाच्या सुट्टीत मला मोबाइलवर ती सूचना दाखवली आणि म्हणाल्या, "इनव्हॉइसचं मला टेन्शन नाही गं. डेबिट नोटांचं काय करायचं?"

आमच्या धंद्यात रोजच्या इनव्हॉइसला उशीर होतच नाही. पोर्टलने दिलेला नोंदणी नंबर, म्हणजे आयआरएन, आणि क्यूआर कोड नसेल तर माल भरलेली गाडी ग्राहकाच्या गेटमधून आत जात नाही. त्यामुळे ते काम गाडी निघायच्या आधीच होतं. घोळ असतो तो रेट डिफरन्सचा. स्टीलचा भाव बदलला की ग्राहक मागच्या तारखेपासून नवा दर ठरवतो. मग गेल्या तीन-चार महिन्यांच्या पुरवठ्यावर एकदम ढीगभर डेबिट किंवा क्रेडिट नोटा निघतात. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये त्या वेगळ्या व्हाउचरमधून बनायच्या, ग्राहकाला मेलने जायच्या, आणि पोर्टलवर चढवायचं काम जमेल तेव्हा व्हायचं. 30 दिवसांची अट इनव्हॉइसइतकीच या नोटांनाही आहे. आणि ज्या कागदाला आयआरएन लागतो त्याला तो नसेल, तर नियम 48(5) प्रमाणे तो कागदच धरला जात नाही. म्हणजे ग्राहकाचं टॅक्स क्रेडिट अडकणार आणि तो आमचं पेमेंट अडकवणार.

नवीन ईआरपीच्या स्कोपमध्ये काय होतं ते मी काढून बघितलं. पान 14 वर एकच ओळ होती : ई-इनव्हॉइससाठी JSON फाइल सिस्टिममधून निघेल आणि वापरणारा ती पोर्टलवर स्वतः अपलोड करेल. नोटांचा उल्लेखही नव्हता. 58 लाखांचं सॉफ्टवेअर घेऊनही ताई पुन्हा फाइलच चढवत बसणार होत्या.

पुढच्या दोन आठवड्यांत व्हेंडरशी बोलून उपाय ठरला. ईआरपी थेट एका जीएसटी सुविधा प्रोव्हायडरमार्फत पोर्टलला जोडायचं. इनव्हॉइस, डेबिट नोट, क्रेडिट नोट तिन्ही सेव्ह करताक्षणी आयआरएन येईल. आणि जी नोट 20 दिवस होऊनही नोंदली गेली नाही, तिची सूचना अकाउंट्सला आपोआप मिळेल. व्हेंडरने 34 मॅन-डे लागतील असं सांगितलं. दर 9,000 रुपये, म्हणजे 3,06,000.

मी एक पानी फॉर्म भरला, खर्चाच्या रकान्यात 3,06,000 लिहिलं, वेळापत्रकाच्या रकान्यात "34 दिवस" लिहिलं आणि 13 डिसेंबरच्या बैठकीत ठेवला.

तो तिथेच परत आला. दोन्ही रकाने चुकले होते.

फायनान्स हेडनी पहिला प्रश्न विचारला, "हा व्हेंडरचा खर्च झाला. कंपनीचा खर्च कुठे आहे?" सुविधा प्रोव्हायडरची फी मी धरलीच नव्हती. गो-लाइव्ह पुढे गेलं तर जुन्या सॉफ्टवेअरचं एएमसी, म्हणजे देखभाल शुल्क, किती महिने भरायचं, व्हेंडरचा माणूस आपल्याकडे किती दिवस जास्त बसणार, काहीच नव्हतं. आयटीच्या साहेबांनी दुसरा प्रश्न विचारला, "34 दिवस म्हणजे कुणाचे 34 दिवस?" आणि मला उत्तर देता आलं नाही. 34 मॅन-डे म्हणजे काम. दोन प्रोग्रामर बसले तर ते 17 दिवसांत होतं. पण त्या 17 दिवसांनी गो-लाइव्ह किती हलेल हा तिसराच हिशोब असतो, आणि कमिटीला तोच हवा असतो. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. आठ वर्षं प्लॅनिंग केलेल्या बाईला मशीनचे तास आणि कॅलेंडरचे दिवस यांतला फरक दुसऱ्याने सांगावा लागला.

पुढचे तीन आठवडे मी त्या दोन रकान्यांवरच घालवले. खर्चाचं सोपं निघालं, कारण प्रत्येक ओळीमागे कुणाचं तरी कोटेशन किंवा जुनं बिल मागायचं एवढंच होतं. प्रोव्हायडरशी जोडणीचे एकरकमी 25,000. जुन्या सॉफ्टवेअरचं एक महिना वाढीव एएमसी 40,000. व्हेंडरचा कन्सल्टंट एक महिना जास्त, 1,10,000. आधीच्या 3,06,000 मध्ये हे मिळवलं की 4,81,000. शिवाय दरवर्षीचा खर्च वेगळा : प्रोव्हायडरचं वर्गणी-शुल्क 48,000 आणि इंटरनेटची दुसरी लाइन 18,000, कारण नेट गेलं तर आता गाडी गेटवर उभी राहणार. हे 66,000 मी मुद्दाम वेगळ्या ओळीत ठेवले. ते प्रोजेक्टचे नाहीत, अकाउंट्सच्या वार्षिक बजेटचे आहेत, आणि एकत्र केले तर पुढच्या वर्षी त्यांचा धनी कोण हे कुणालाच सापडत नाही. जीएसटी मी सगळीकडे वगळला आणि तसं वर लिहिलं. त्याचं क्रेडिट मिळतं, आणि एक आकडा टॅक्ससकट व दुसरा टॅक्सशिवाय असला की बैठकीचा अर्धा तास तिथेच जातो.

वेळापत्रकाला मात्र मी ताईंच्या टेबलाशी खुर्ची घेऊन बसले. मूळ बेत असा होता : 17 फेब्रुवारी ते 7 मार्च वापरणाऱ्यांची चाचणी, 10 ते 21 मार्च डेटा हलवण्याची रंगीत तालीम, 1 एप्रिलला सुरू. बदल धरला की प्रोग्रामिंगच 20 फेब्रुवारीपर्यंत जात होतं. मग पोर्टलच्या सँडबॉक्समध्ये, म्हणजे चाचणीसाठीच्या प्रतीत, तीन दिवस तपासणी, 26 ला महाशिवरात्र, आणि 27 फेब्रुवारीपासून तीन आठवड्यांची चाचणी, म्हणजे 20 मार्च. कागदावर बघितलं तर तालीम 3 एप्रिलच्या आसपास संपत होती, गो-लाइव्हला उशीर जेमतेम चार कामाच्या दिवसांचा. मी तर 7 एप्रिल लिहूनही टाकलं होतं.

ताईंनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि कॅलेंडरवर 21 मार्च ते 10 एप्रिल अशी एक जाड रेघ मारली. "इथे आम्ही कुणी नाही," त्या म्हणाल्या. वर्षअखेर. स्टॉक, प्रोव्हिजन, मार्चचं रिटर्न, बँकेचे कागद. त्या तीन आठवड्यांत अकाउंट्सचा एकही माणूस तालमीला बसणार नव्हता. मूळ बेतातली तालीम 21 मार्चला संपत होती म्हणूनच तो बेत जुळला होता, आणि ही गोष्ट कुठल्याही चार्टवर लिहिलेली नव्हती. चार दिवस हलले की पूर्ण महिना हलत होता. तालीम 15 ते 25 एप्रिल, 1 मे ला महाराष्ट्र दिनाची सुट्टी म्हणून त्या दिवशी स्टॉक मोजून डेटा हलवायचा, आणि शुक्रवार 2 मे ला सुरू. असा एक महिना आला.

तुम्ही वेळेचा परिणाम लिहीत असाल तर काम करणाऱ्यांच्या मोकळ्या तारखा आधी मागून घ्या. व्हेंडर त्याच्या माणसांच्या तारखा देतो, आपल्या माणसांच्या आपल्यालाच विचाराव्या लागतात.

आणखी एक रकाना मी या वेळी भरला, "बदल केला नाही तर काय". एप्रिल ते सप्टेंबर 2024 मधल्या सगळ्या नोटा काढल्या. 412 निघाल्या, त्यांतल्या 57 तारखेनंतर 30 दिवस उलटल्यावर नोंदल्या गेल्या होत्या. तेव्हा ते चालून गेलं. एप्रिलनंतर त्या 57 परत आल्या असत्या. हा एकच आकडा घेऊन मी बैठकीत गेले असते तरी चाललं असतं असं आता वाटतं.

10 जानेवारी 2025 च्या बैठकीत आवृत्ती 2 ठेवली. या वेळी प्रश्न चांगले आले. स्टोअर्सच्या साहेबांनी विचारलं, उशिरा नोंदायची वेळ आली तर नोटेवर आजची तारीख टाकून द्यायची ना? ताईंनीच उत्तर दिलं : नोट नंबर-तारखेसह ग्राहकाला गेलेली असते, त्याने ती हिशोबात धरलेली असते, मग आपल्याकडची तारीख बदलून दोघांचे हिशोब जुळणार कसे? सगळ्यांना पटलं. फक्त एमडी साहेब ग्राहकाच्या भेटीसाठी परदेशात होते. मिनिट्समध्ये ओळ आली : "सीआर-07 वर चर्चा झाली. कमिटीची तत्त्वतः मान्यता."

मी खूश झाले. त्याच संध्याकाळी व्हेंडरला मिनिट्स पाठवले. त्यांनी दोन प्रोग्रामर राखून ठेवले आणि 20 जानेवारीला 50 टक्के अॅडव्हान्सचं बिल पाठवलं, 1,53,000 चं.

बिल फायनान्सने दुसऱ्या दिवशी परत केलं. शेरा असा होता : "मंजुरी कुणाची? रक्कम किती? पीओ दुरुस्ती नाही." पीओ म्हणजे आम्ही व्हेंडरला दिलेली खरेदी ऑर्डर. मी चिडून वर गेले. फायनान्स हेड स्वतः बैठकीत होते, त्यांनी मान डोलावली होती! त्यांनी शांतपणे अधिकारांचा तक्ता माझ्यासमोर ठेवला. कमिटीचे अध्यक्ष म्हणून एका सीआरला त्यांचा अधिकार 3 लाखांपर्यंत. त्यावर एमडी. शिवाय राखीव 4 लाखांतून आधीचे 1,35,000 गेल्यावर उरलेत 2,65,000, आणि राखीव रकमेच्या पलीकडचा एक रुपयाही एमडींशिवाय कुणी देऊ शकत नाही. "मी मान डोलावली ती बदल योग्य आहे म्हणून," ते म्हणाले. "पैसे मंजूर करायचा मला अधिकारच नाही. आणि तुमच्या मिनिट्समध्ये रक्कम कुठे लिहिलीय?"

खरंच नव्हती. "तत्त्वतः मान्यता" या दोन शब्दांत कुणी, किती, कधीपर्यंत आणि कुठल्या पैशांतून, यातलं काहीही नव्हतं. ती ओळ लिहिणारी मीच होते.

इकडे व्हेंडरच्या अकाउंट मॅनेजरचा फोन, अॅडव्हान्स नसेल तर प्रोग्रामर दुसऱ्या क्लायंटकडे जातील. त्यांनीच एक तोडगा सुचवला : इनव्हॉइसचा एक सीआर आणि नोटांचा दुसरा असे दोन तुकडे करा, दोन्ही 3 लाखांच्या आत बसतील, एमडींची वाट बघायला नको. ते वाईट हेतूने बोलत नव्हते, बऱ्याच ठिकाणी हे चालतं. मी नाही म्हटलं. काम एक, कारण एक, तारीख एक असताना तुकडे केले तर अधिकाराची मर्यादा चुकवली असंच ते दिसतं, आणि ऑडिटमध्ये सही करणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. दुसऱ्याच्या सहीवर मला असलं ओझं टाकायचं नव्हतं. त्या दोन रात्री मला नीट झोप लागली नाही हेही खरं.

एमडी साहेब 22 ला परतले. मी त्यांच्या सेक्रेटरींना गाठून शुक्रवार 24 जानेवारीला अर्ध्या तासाची खास बैठक मागितली. आधीचे दोन दिवस फायनान्स हेडनी मला बसवून नोंद पुन्हा लिहून घेतली. त्यांचं ऋण मी मानते. ओळ न् ओळ त्यांनी एकच प्रश्न विचारून तपासली : सहा महिन्यांनी आपल्यातलं कुणीच इथे नसलं, तरी हे वाचून बिल पास करता येईल का?

बैठकीत एमडी साहेबांनी तीन गोष्टी विचारल्या. बदल केला नाही तर काय? मी 57 चा आकडा सांगितला. कन्सल्टंट पूर्ण महिना कशाला? त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण 21 मार्च ते 10 एप्रिल आमचेच लोक नसताना तो बसून काय करणार होता? व्हेंडरने तिथेच निम्मं मान्य केलं, 55,000. एकूण रक्कम 4,26,000 वर आली. तिसरा प्रश्न : राखीव रक्कम सगळी यातच घातली तर पुढचे तीन महिने काय करणार? इथे आम्ही तयारी केली होती. राखीवातून 2 लाखच घ्यायचे, 65,000 शिल्लक ठेवायचे, आणि 2,26,000 नवीन मंजूर करायचे.

शेवटी जी नोंद झाली ती इंग्रजीत होती, मजकूर साधारण असा :

"सीआर-07, आवृत्ती 3. स्थिती : मंजूर. स्कोप दस्तऐवज आवृत्ती 2.1, पान 14 वरील फाइल अपलोडची तरतूद रद्द. त्याऐवजी इनव्हॉइस, डेबिट नोट व क्रेडिट नोटसाठी थेट जोडणी आणि 20 व्या दिवशी सूचना. ई-वे बिलाची जोडणी या बदलात नाही. एकरकमी खर्च 4,26,000, जीएसटी वगळून. पैकी राखीव निधीतून 2,00,000, वाढीव मंजुरी 2,26,000. प्रोजेक्टचे सुधारित बजेट 64,26,000. वार्षिक खर्च 66,000, अकाउंट्स विभागाच्या बजेटमधून. गो-लाइव्ह 1 एप्रिलऐवजी 2 मे 2025. अट : 1 एप्रिल ते 2 मे जुन्या पद्धतीतील न नोंदलेल्या नोटांची दर शनिवारी तपासणी, जबाबदारी अकाउंट्स. मंजुरी देणारे : व्यवस्थापकीय संचालक. शिफारस : कमिटी अध्यक्ष. दिनांक 24 जानेवारी 2025."

बजेटचा आकडा आम्ही उलट बाजूनेही जुळवून बघितला. 58 लाख करार, 1,35,000 आधीचे बदल, 4,26,000 हा बदल, 65,000 शिल्लक राखीव. बेरीज 64,26,000. दोन वाटांनी एकच आकडा आला की मगच सहीला पाठवायचा, हे मी तेव्हापासून करते. "ई-वे बिल या बदलात नाही" ही ओळही फायनान्स हेडनीच घालायला लावली. बैठकीत तो विषय कुणीतरी काढला होता, आणि जे बोललं गेलं पण मंजूर झालं नाही ते तसं लिहिलं नाही तर महिन्याभराने "तेव्हा ठरलं होतं की" म्हणत परत येतं. फेब्रुवारीत तसं ते आलं. मी ही ओळ दाखवली आणि ती चर्चा पाच मिनिटांत संपली.

एमडी साहेबांनी निळ्या शाईने सही केली, खाली तारीख टाकली आणि रकमेच्या बाजूला आद्याक्षरं केली. ही आद्याक्षरं मला आधी माहीत नव्हती. नंतर कुणी आकडा बदलू नये म्हणून ती असतात.

सोमवारी, 27 जानेवारीला पीओ दुरुस्ती निघाली. तिच्यावर सीआरचा नंबर आणि आवृत्ती टाकली, म्हणून अॅडव्हान्सचं बिल या वेळी तीन दिवसांत पास झालं. 28 ला काम सुरू. त्याच आठवड्यात मी स्कोप दस्तऐवज 2.2 केला, प्लॅनमध्ये तारखा बदलल्या आणि चाचणीच्या यादीत अकरा नवीन केस घातल्या. या कंटाळवाण्या कामाला मला दीड दिवस लागला. ते राहिलं असतं तर चाचणी जुन्या यादीवरच झाली असती आणि नोटा कुणी तपासल्याच नसत्या.

तरी एक गोष्ट आमच्या सगळ्यांच्या नजरेतून सुटली. एप्रिलच्या तालमीत आम्ही तेच नमुने सँडबॉक्सवर दुसऱ्यांदा चालवले, तेव्हा पोर्टलने ते नाकारले. स्क्रीनवर एरर होता :

```
2150 : Duplicate IRN
```

यात नवल नव्हतं. विक्रेत्याचा जीएसटी नंबर, कागदाचा प्रकार, कागदाचा नंबर आणि आर्थिक वर्ष यांवरून आयआरएन बनतो. तोच नंबर परत दिला की तोच आयआरएन येतो. प्रोग्रामर म्हणाला, नंबर बदलून चालवू. ताई मात्र स्क्रीनकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे एप्रिलमध्ये जुन्या सॉफ्टवेअरने 1 ते अठराशे नंबर वापरले, आणि मे मध्ये नवीन ईआरपी परत 1 पासून सुरू झालं, तर?"

तर 2 मे च्या पहिल्याच गाडीला आयआरएन मिळाला नसता. गो-लाइव्ह 1 एप्रिलला असतं तर हा प्रश्नच नव्हता, नवीन वर्ष आणि नवीन क्रम. एक महिना हलवल्यामुळे एकाच आर्थिक वर्षात दोन सिस्टिम आल्या, आणि हा परिणाम आमच्या नोंदीत कुठेही नव्हता. नवीन ईआरपीसाठी वेगळी अक्षरं असलेली मालिका घेतली. वेगळी मालिका नियमात चालते, फक्त पूर्ण नंबर 16 अक्षरांच्या आत बसावा लागतो. आमच्या दोन मोठ्या ग्राहकांना नवीन मालिकेचं पत्र द्यावं लागलं, कारण त्यांच्या सिस्टिममध्येही नंबराचा नमुना भरलेला होता. दोन मॅन-डे, 18,000. तो सीआर-09 झाला आणि शिल्लक 65,000 मधून गेला. 3 लाखांच्या आतला असल्यामुळे फायनान्स हेडच्या सहीने एका दिवसात मंजूर झाला. तुमचंही गो-लाइव्ह आर्थिक वर्षाच्या मध्यात सरकत असेल तर वेळापत्रकाच्या परिणामात तीन गोष्टी लिहून ठेवा : नंबरांच्या मालिका, सुरुवातीच्या शिलका कुठल्या तारखेच्या, आणि ऑडिटरला दोन्ही सिस्टिमचे हिशोब कसे दाखवणार.

2 मे ला सकाळी 7:40 ला पहिली गाडी भरली. इनव्हॉइस सेव्ह केल्यावर क्यूआर कोड यायला चार-पाच सेकंद लागले असतील, पण त्या खोलीत तेव्हा कुणी श्वास घेत नव्हतं. गाडी गेली. दुपारपर्यंत 31 इनव्हॉइस झाली. दोन अडकली, ग्राहकाचा पिनकोड आणि राज्य जुळत नव्हतं म्हणून. तो आमच्याच जुन्या डेटाचा दोष होता.

सीआर-07 कागदोपत्री बंद झाला 13 जूनच्या बैठकीत. मंजूर 4,26,000, प्रत्यक्ष 4,19,500. जुन्या सॉफ्टवेअरवाल्यांनी एएमसी थोडं कमी केलं होतं. बंद करतानाही एक सही लागते, आणि ती मंजुरी देणाऱ्याचीच घ्यायची. आमच्या लॉगमध्ये 13 डिसेंबरची नाकारलेली आवृत्ती 1 सुद्धा तशीच आहे, "परत, खर्च व कालावधी अपूर्ण" या शेऱ्यासकट. मी ती काढली नाही.

शनिवारच्या तपासणीची वही अजून ताईंच्या ड्रॉवरमध्ये आहे. चार शनिवार, चार पानं, प्रत्येकाखाली त्यांची सही. शेवटची नोंद 26 एप्रिलची आहे : "न नोंदलेल्या नोटा : 3. आज तिन्ही चढवल्या. सर्वात जुनी 22 दिवसांची."